‘फरक स्पष्ट करा’ आणि टाळीचे दोन हात

तुमच्यापैकी जे महाराष्ट्रात शाळा शिकून इकडे आले, त्यांना ‘फरक स्पष्ट करा’ हे तीन शब्द वाचले की अजूनही हात आपोआप चालू होत असेल. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे धमनी, उजवीकडे शीर. चार मुद्दे, प्रत्येक मुद्दा समोरासमोर, आणि चार गुण खिशात. मी त्यात पटाईत होते. पुढे पीएचडी झाली, आता पोस्टडॉक करते आहे, पण दोन गोष्टी समोर आल्या की आधी मधली रेघ मारायची ही खोड सुटलेली नाही.

त्या खोडीविरुद्ध मला आज भांडायचं आहे, आणि भांडण स्वतःपासून सुरू करते.

माझी मावसबहीण इथून तासाभरावर राहते. तिची मुलगी दहावीत आहे. तिला शाळेत मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाईन’ होती आणि तिच्यावर निबंध लिहायचा होता: व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन आणि त्याने निर्माण केलेला जीव यांची तुलना करा. सोबत एक छापील कागद होता. आधी तक्ता भरा, मग प्रत्येक ओळीचा एक परिच्छेद करा, दोन्ही पात्रांना समान जागा द्या, निबंध ‘समतोल’ ठेवा. ताईने मला फोन केला, “तू एवढी शिकलेली, जरा बस तिच्याबरोबर.” मी बसले. तासाभरात आम्ही हा तक्ता तयार केला:

| मुद्दा | व्हिक्टर | मॉन्स्टर |
|---|---|---|
| बालपण | सुखी, प्रेमळ घर | आईवडील नाहीत |
| शिक्षण | विद्यापीठात | लपून, स्वतःहून |
| एकटेपणा | एकटा | एकटा |
| चूक | जीव निर्माण करून सोडून दिला | खून केले |
| शेवट | मृत्यू | मृत्यू |

पाच ओळींचे पाच परिच्छेद झाले. समारोपात लिहिलं की दोघांचंही चुकलं, दोघांनीही भोगलं. टाळी एका हाताने वाजत नाही, हे आपलं घरगुती तत्त्वज्ञान मीच तिला इंग्रजीत बसवून दिलं. निबंधाला उत्तम ग्रेड मिळाली.

पुढच्या आठवड्यात मुलीचा फोन आला. आवाज खट्टू होता. “मावशी, आपण जस्टीनला कुठे लिहिलंच नाही.”

जस्टीन ही फ्रँकेन्स्टाईनांच्या घरातली मोलकरीण. व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा खून होतो. त्याच्या गळ्यातली तसबीर जस्टीनच्या कपड्यांत सापडते आणि तिला फाशी होते. तिने काहीच केलेलं नसतं. आमच्या दोन खणांच्या तक्त्यात तिला जागाच नव्हती. एक निरपराध मुलगी फासावर गेली आणि आम्ही दोघांना समसमान न्याय दिल्याबद्दल गुण मिळवले. माझं म्हणणं इथून सुरू होतं: तक्ता भरला म्हणजे तुलना झाली असं नाही, आणि निम्मी-निम्मी जागा वाटली म्हणजे निबंध समतोल झाला असंही नाही. बऱ्याचदा असा तक्ता समतोलाचा सोंगाड्या असतो.

तक्त्याकडे पुन्हा नीट पाहा. अगदी शीर्षकापासून. डाव्या खणात माणसाचं नाव आहे, उजव्या खणात ‘मॉन्स्टर’. कादंबरीत त्या जीवाला नाव नाही, कारण त्याच्या जन्मदात्याने ते ठेवलंच नाही. ‘राक्षस’, ‘सैतान’ ही संबोधनं बहुतेक वेळा व्हिक्टरच्या तोंडची आहेत. म्हणजे पहिली ओळ लिहायच्या आधीच आम्ही एका पक्षकाराची भाषा मथळ्यात घेतली होती. दोन रकाने सारख्या रुंदीचे असले तरी तराजूचा काटा आधीच कललेला होता.

आता शेवटची ओळ. मृत्यू आणि मृत्यू. व्हिक्टर वॉल्टनच्या जहाजावर मरतो, हे पुस्तकात घडतं. पण तो जीव मरताना आपल्याला दिसत नाही. आपण उत्तरेच्या टोकाला जाऊन स्वतःची चिता पेटवणार असं तो सांगतो, जहाजावरून बर्फाच्या तुकड्यावर उडी मारतो आणि अंधारात दिसेनासा होतो. पुस्तक तिथेच संपतं. मग आम्ही ‘मृत्यू’ का लिहिलं? कारण शेजारच्या खणात ‘मृत्यू’ होतं. रेघेच्या एका बाजूला काही लिहिलं की दुसऱ्या बाजूची रिकामी जागा हाका मारायला लागते. घाईत असलेलं मूल आणि घाईत असलेली मावशी ती जागा भरून टाकतात, पुस्तकात असो वा नसो.

पण सगळ्यात जास्त लाज मला मधल्या ओळीची वाटली. एकटा आणि एकटा. शब्द एकच, म्हणून आम्ही साम्य म्हणून टिकमार्क करून पुढे गेलो. पुस्तकात काय आहे? व्हिक्टर इंगोलश्टाटला असताना घरून पत्रं येतात, तो उत्तरं देत नाही. तो जीव डोळे उघडतो आणि व्हिक्टर खोलीतून पळ काढतो. दुसऱ्याच दिवशी त्याचा बालमित्र क्लर्व्हल तिथे पोचतो आणि व्हिक्टर आजारी पडल्यावर कित्येक महिने त्याची शुश्रूषा करतो. घरी एलिझाबेथ वाट पाहते आहे, वडील वाट पाहताहेत. व्हिक्टरच्या भोवती माणसं आहेत, तो त्यांच्यापासून दार लावून घेतो.

तो जीव दारं ठोठावत फिरतो. पहिल्या गावात लोक दगड मारतात. मग तो डी लेसी कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. आधी त्यांचं अन्न चोरतो, पण ते गरीब आहेत हे कळल्यावर चोरणं थांबवतो आणि रात्री त्यांच्यासाठी जंगलातून सरपण आणून ठेवतो. महिनोन्‌महिने भाषा शिकतो, धीर गोळा करतो आणि घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्याशी बोलायला जातो, कारण तो एकटाच असा आहे की ज्याला त्याचं रूप दिसणार नाही. म्हातारा मायेने बोलतो. तेवढ्यात मुलगा फेलिक्स येतो आणि काठीने झोडपून काढतो. नंतर नदीत बुडणाऱ्या एका मुलीला तो वाचवतो आणि बदल्यात गोळी खातो.

एकाचा एकटेपणा निवडलेला, दुसऱ्याचा लादलेला. हा निबंधाचा कणा व्हायला हवा होता. आमच्या तक्त्यात तो एका शब्दाखाली गाडला गेला होता.

मग तक्ता फेकून द्यायचा का? माझी एक मैत्रीण हायस्कुलात शिकवते. तिला हे सगळं ऐकवलं तेव्हा ती म्हणाली, “तुला बोलायला काय जातं? तक्ता नसेल तर मुलं एकाच पात्राबद्दल तीन पानं लिहितात आणि दुसऱ्याला शेवटच्या ओळीत उरकतात.” तिचं खरं आहे. तक्ता हा पानावर पसरलेली माहिती समोरासमोर आणण्याचा स्वस्त आणि चांगला उपाय आहे. माझा राग तक्त्यावर नाही. तक्त्याला निबंधाचा सांगाडा समजण्यावर आहे. तक्ता म्हणजे भाजी निवडायचं ताट. त्यातलं सगळंच कढईत टाकायचं नसतं.

त्या शनिवारी मी पुन्हा ताईकडे गेले. ग्रेड तर मिळालीच होती, त्यामुळे कसली घाई नव्हती. आम्ही नवा तक्ता केला. तो कसा केला ते सांगते, कारण तुमच्याही घरी हा कागद कधीतरी येणारच आहे.

आधी प्रश्न ठरवला. ‘व्हिक्टर आणि तो जीव यांची तुलना’ हा प्रश्न नाही, ते नुसतं प्रकरणाचं नाव झालं. मुलीला खरोखर छळत होता तो प्रश्न आम्ही वर लिहिला: जस्टीन मेली, त्याला कोण किती जबाबदार? प्रश्न ठरला तशा ओळी बदलल्या. ‘शिक्षण’ गळलं, ‘शेवट’ गळला. बालपण गळलं आणि त्याचा अर्धा भाग कारण म्हणून परत आला. शीर्षकातलं ‘मॉन्स्टर’ खोडून ‘तो’ लिहिलं.

मग प्रत्येक खणात विशेषण लिहायची बंदी केली. ‘क्रूर’, ‘महत्त्वाकांक्षी’, ‘दयाळू’ हे निकाल आहेत, पुरावे नाहीत. खणात फक्त कृती लिहायची, ती कितव्या प्रकरणात आहे ते लिहायचं, आणि ती आपल्याला कोण सांगतंय ते लिहायचं. तिसरा रकाना नवीन काढला, त्याला नाव दिलं ‘मग काय?’. दोन्ही खण एकत्र वाचून एक पूर्ण वाक्य तिथे लिहायचं, आणि त्यात ‘पण’ किंवा ‘कारण’ आलंच पाहिजे. ज्या ओळीसाठी असं वाक्य सुचत नाही, ती ओळ तक्त्यातून बाद. प्रकरणांचे आकडे 1831च्या आवृत्तीचे आहेत, कारण तिच्याकडे तीच होती. 1818ची पहिली आवृत्ती तीन खंडांत आहे आणि तिचे आकडे वेगळे आहेत. त्यामुळे कोणती आवृत्ती ते निबंधात एकदा सांगायला हवं.

| मुद्दा | व्हिक्टर | तो | मग काय? |
|---|---|---|---|
| जस्टीनवर आळ | खरा खुनी कोण याची खात्री आहे, तरी खटल्यात बोलत नाही (प्र. 7-8) | तसबीर तिच्या कपड्यांत ठेवतो (प्र. 16) | सापळा त्याने लावला, पण तो उघडता येण्यासारखा माणूस फक्त व्हिक्टर होता |
| एकटेपणा | घरच्या पत्रांना उत्तर देत नाही (प्र. 4-5) | डी लेसींच्या दारात मार खातो (प्र. 15) | एकाने दार लावलं, दुसऱ्यासाठी ते उघडलंच नाही, म्हणून एकच शब्द दोघांना पुरत नाही |
| स्वतःची बाजू | वॉल्टनची टिपणं स्वतः तपासतो (प्र. 24) | त्याचं बोलणं बहुतेक व्हिक्टरमार्फत पोचतं (प्र. 11-16) | दोघांनाही बोलायला जागा आहे, पण लेखणी एकाच्याच हातात आहे |

तिसऱ्या ओळीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण ‘दोघांना समान जागा’ या नियमाचं पितळ तिथेच उघडं पडतं. या कादंबरीची रचना डब्यात डबा अशी आहे. वॉल्टन बहिणीला पत्रं लिहितो. त्या पत्रांत व्हिक्टर आपली हकिगत सांगतो. त्या हकिगतीत तो जीव आपली हकिगत सांगतो. प्रकरण 11 ते 16 तोच बोलतोय असं आपल्याला वाटतं, पण ते व्हिक्टरने आठवून सांगितलेलं आणि वॉल्टनने उतरवलेलं बोलणं आहे. शेवटाकडे तर वॉल्टन स्वतः सांगतो की व्हिक्टरने ती टिपणं मागून घेतली आणि ठिकठिकाणी सुधारली, वाढवली, विशेषतः शत्रूबरोबरच्या संभाषणांमध्ये. आरोपीची जबानी फिर्यादीने तपासून दिलेली आहे! तो जीव वॉल्टनशी थेट बोलतो ते एकदाच, अगदी शेवटी, व्हिक्टरच्या प्रेताशेजारी.

आता सांगा, अशा पुस्तकातून डाव्या रकान्यात पाच मुद्दे आणि उजव्या रकान्यात पाच मुद्दे काढले की समतोल साधला का? दोन्ही रकाने शेवटी एकाच माणसाच्या हातून आलेले असू शकतात. उलट गंमत अशी की फिर्यादीने तपासूनही त्या सहा प्रकरणांत आपल्याला त्या जीवाची कणव येतेच. हे निबंधात लिहिण्यासारखं निरीक्षण आहे, आणि ते ‘कोण सांगतंय’ हे खणात लिहिल्याशिवाय हाती लागत नाही.

तक्त्यावरून निबंधाकडे जाताना आम्ही आणखी एक गोष्ट बदलली. आधीचा निबंध प्रत्येक परिच्छेदात तीन वाक्यं व्हिक्टरची, तीन त्याची, असा पेटीच्या सुरांसारखा खालीवर जात होता. आता परिच्छेद ‘मग काय?’च्या वाक्याने सुरू केला आणि पुरावा त्याच्या मागे, लागेल तेवढा. जस्टीनचा परिच्छेद साधारण असा झाला:

“जस्टीनसाठी सापळा त्या जीवाने लावला, पण तो उघडता येण्यासारखा माणूस फक्त व्हिक्टर होता. निजलेल्या जस्टीनच्या कपड्यांत तसबीर ठेवताना तिच्यावर आळ यावा हाच त्याचा हेतू होता, आणि त्याला मिळालेल्या वागणुकीने हे कृत्य समजतं, माफ होत नाही. व्हिक्टरने वादळी रात्री विजेच्या उजेडात त्याला पाहिलं होतं आणि खुनी कोण हे त्याच क्षणी ओळखलं होतं. तरीही लोक वेडा म्हणतील म्हणून तो खटल्यात गप्प बसला. पुढे एलिझाबेथचा खून झाल्यावर हाच व्हिक्टर न्यायाधिकाऱ्याकडे जाऊन सगळी हकिगत सांगतो. म्हणजे ती सांगता येत होती.”

यात व्हिक्टरला जागा जास्त गेली आहे. मोजून पाहा. तरी मी म्हणेन हा परिच्छेद आधीच्या पाचही परिच्छेदांपेक्षा समतोल आहे. कारण त्या जीवाचा गुन्हा पातळ केलेला नाही आणि व्हिक्टरची भीतीही लपवलेली नाही. दोघांना एकच गज लावला आहे: तुला काय माहीत होतं, तुला काय करता आलं असतं, आणि तू काय केलंस? समतोल मापात असतो, मापून निघालेल्या लांबीत नसतो. दोन माणसं एकाच फूटपट्टीने मोजली तर एक उंच आणि एक बुटका निघू शकतो. त्यात फूटपट्टीचा काय दोष?

पण मग मूल एकतर्फी तर लिहीत नाही ना, हे कसं ओळखायचं? आम्ही दोन कसोट्या लावल्या. पहिली: ज्याला आपण जास्त दोष देतोय त्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम वाक्य निबंधात आहे का? मुलगी व्हिक्टरवर तुटून पडली होती, म्हणून मी तिला त्याचा वकील व्हायला सांगितलं. दहा मिनिटांनी ती म्हणाली, “मावशी, त्याने बोललं असतं तरी कोणी विश्वास ठेवला नसता. पुढे त्या ऑफिसरनेही फारसा ठेवला नाहीच.” अगदी बरोबर. ते वाक्य निबंधात आलं, आणि त्याचं उत्तरही तिनेच दिलं: विश्वास बसला नसता ही शक्यता आहे, न बोलणं ही कृती आहे. दुसरी कसोटी: वाक्यातली नावं अदलाबदल करून वाचा. वाक्य तरीही खरं वाटत असेल, तर ते या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. ‘दोघेही एकटे होते’ हे वाक्य इथेच नापास होतं.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. परीक्षेत पाऊण तास असेल तर एवढं जमणार नाही. तेव्हा दोन ओळींचाच तक्ता करावा, पण प्रश्न आणि ‘मग काय?’ हे सोडू नये. दोन पात्रं क्वचितच समोरासमोर येत असतील, तर आधी एक पात्र सलग आणि मग दुसरं सलग, अशी मांडणीही चालते. अट एवढीच की दुसऱ्याबद्दल लिहिताना पहिल्याकडे वळून पाहिलं पाहिजे. आणि काही खण रिकामे राहतील, ते राहू द्यावेत. त्या जीवाच्या नावाचा खण रिकामा आहे, आणि त्या रिकाम्या खणावर एक अख्खा परिच्छेद होऊ शकतो.

आता तुमच्याशी थोडं स्पष्ट बोलते. शाळेच्या छापील कागदाला नावं ठेवणं सोपं आहे, पण मधली रेघ आपणही घरून घेऊन आलो आहोत. मंडळातलं भांडण असो, कोणाच्या घरातला बेबनाव असो, आपण चार माणसं बसतो, दोन रकाने भरतो आणि उठताना म्हणतो, दोघांचंही चुकलं, टाळी एका हाताने वाजत नाही. हे म्हटलं की आपण निःपक्षपाती ठरतो आणि कोणाशी वाकडंही येत नाही. त्या भांडणात तिसरंच कोणी भरडलं गेलं असेल, तर त्याच्यासाठी आपल्या पानावर खण नसतो.

टाळी दोन हातांनी वाजते हे खरं. पण थप्पड एकाच हाताने बसते, आणि आवाज लांबून सारखाच येतो. कोणता आवाज कशाचा, हे ओळखायला मुलांना शिकवायचं असेल तर कादंबरीसारखी सुरक्षित जागा नाही. तिथे चुकीचा निकाल दिला तरी कोणी फासावर जात नाही, आणि निकाल बदलता येतो.

मुलीने नवा निबंध शाळेत दिला नाही. गुण आधीच लागले होते. तो तिने ताईला वाचून दाखवला, अर्धा इंग्रजीत, अर्धा मराठीत समजावत. ऐकून झाल्यावर ताईने विचारलं, “पण मग त्या जस्टीनचं बालपण कसं होतं गं?” मुलगी उठली, पुस्तक घेऊन आली आणि सहावं प्रकरण उघडलं. जस्टीनवर तिच्या आईची माया नव्हती, म्हणून तिला या घरी आणलेलं असतं. दोघी बराच वेळ वाचत बसल्या. मी चहा टाकला.